सबटायटल तयार आहेत म्हणजे डबिंग तयार आहे असं नाही: डॉक्युमेंटरीच्या मराठी डबिंगसाठी टायमिंग कसं लावायचं

पुण्यात भाषांतराचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे हल्ली हे काम येतं. कुणी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन नाहीतर फ्रेंच शिकलेलं असतं, कुणी वर्षानुवर्षं पुस्तकं अनुवादित करतंय, आणि एक दिवस फोन येतो की एक इंग्लिश डॉक्युमेंटरी आहे, मराठी सबटायटल आधीच झालेत, आता फक्त डबिंग करायचंय, तुम्ही ते सबटायटल जरा बघून द्या, आर्टिस्ट वाचेल. यातला "फक्त" हा शब्द खूप महागात पडतो, कारण सबटायटलच्या फाइलमध्ये जी वेळ लिहिलेली असते ती डोळ्यांची वेळ असते, म्हणजे प्रेक्षकाला ती ओळ वाचायला किती सेकंद द्यायचे ते. डबिंगला लागते तोंडाची वेळ, म्हणजे मूळ माणूस नेमका कधी बोलायला लागला, कुठे थांबला, कधी संपला. या दोन वेळा एकमेकांच्या आसपास असतात पण एक नसतात, आणि डबिंग स्क्रिप्टचं जवळजवळ सगळं काम या दोन्हींच्या मधल्या फरकात आहे. तो फरक कसा शोधायचा आणि मराठी त्यात कशी बसवायची ते इथे नीट सांगते.

सगळ्यात आधी, एकही वाक्य हातात घ्यायच्या आधी, ही सबटायटल फाइल याच व्हिडिओची आहे का ते तपासायचं. हे ऐकायला विचित्र वाटेल पण एकाच फिल्मच्या दोन-तीन आवृत्त्या फिरत असतात, ओटीटीसाठी सेकंदाला २३.९७६ फ्रेमची आणि टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमची. पहिलीची दुसरी करताना बऱ्याचदा फिल्म तेवढी फास्ट पळवतात, साधारण सव्वाचार टक्के, त्यामुळे ५० मिनिटांची फिल्म ४८ मिनिटांच्याही जरा आतच संपते. आता तुमच्याकडे व्हिडिओ आला २५ चा आणि सबटायटल बनलेत २३.९७६ वर, तर पहिल्या मिनिटाच्या शेवटी सबटायटल अडीच सेकंद उशिरा दिसेल आणि शेवटाकडे दोन मिनिटं उशिरा.

हे ओळखायचं कसं, तर तीन ठिकाणी बघायचं. सुरुवातीचं एक वाक्य, मधलं एक आणि शेवटाजवळचं एक. तिन्हीकडे चूक सारखीच आली, समजा सगळीकडे दोन सेकंद, तर फाइल नुसती सरकलेली आहे आणि सगळ्या वेळा एकदम दोन सेकंद मागे किंवा पुढे केल्या की झालं. चूक हळूहळू वाढत गेली तर फ्रेम रेटचा प्रश्न आहे, आणि तिथे सरकवून काहीही होत नाही, सगळ्या वेळांना २३.९७६ भागिले २५ म्हणजे ०.९५९०४ ने गुणावं लागतं (सबटायटल एडिट सारख्या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलायची सोय असते, हाताने करायची गरज नाही). आणि सुरुवातीला बरोबर, मधे अचानक एका जागेपासून पुढे सगळं आठ सेकंदांनी चुकलं असं असेल तर कुणीतरी फिल्ममधला तुकडा कापलाय किंवा घातलाय, मग त्या जागेपासून पुढचं वेगळं सरकवायचं. दोन्ही चुका एकत्र असतील तर आधी गुणायचं आणि मग सरकवायचं, उलटं केलंत तर सरकवलेले सेकंदही गुणले जातात.

फाइलच्या नावात २५ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. २५ ला नेताना काही वेळा फिल्म पळवत नाहीत, मधे मधे फ्रेम परत दाखवून तेवढा आकडा भरतात, आणि तेव्हा वेळ अजिबात बदलत नाही. म्हणून कानाने तपासलेलंच खरं.

अजून एक छोटी पण सतत होणारी गडबड सांगते. स्टुडिओकडून जो व्हिडिओ येतो त्याच्यावर कोपऱ्यात वेळ छापलेली असते, ती बऱ्याचदा शून्यापासून सुरू न होता एक तासापासून किंवा दहा तासांपासून सुरू होते, आणि तिच्यातले शेवटचे दोन आकडे सेकंदाचे शतांश नसतात तर फ्रेम असतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. म्हणजे पडद्यावर १२:४१:१० दिसलं तर ते १२ मिनिटं ४१ सेकंद आणि १० फ्रेम, सबटायटलच्या भाषेत ४१ सेकंद ४०० मिलिसेकंद. त्याला ४१.१० सेकंद समजलात तर पाव सेकंदापेक्षा जास्त चुकलात, आणि माणूस समोर बसून बोलत असेल तर एवढी चूक लगेच दिसते.

एवढं झालं की मग खरं काम. फिल्मचा आवाज वेगळा काढून घ्या म्हणजे त्याची वेव्ह, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठी करून बघता येते. त्यासाठी ffmpeg या प्रोग्रॅमची ही एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i film.mp4 -vn -ac 1 -ar 48000 guide.wav
```

आता एक तुकडा घेऊनच बघू. समजा समुद्रातल्या प्राण्यांवरची डॉक्युमेंटरी आहे, ऑक्टोपसचा भाग चालू आहे, निवेदक पडद्यावर दिसत नाही, नुसता आवाज. हातात आलेली मराठी सबटायटल फाइल अशी:

```
148
00:12:41,200 --> 00:12:44,640
ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.

149
00:12:44,720 --> 00:12:50,160
दोन फक्त कल्ल्यांना रक्त पुरवतात,
तिसरं बाकी शरीराला.

150
00:12:50,240 --> 00:12:54,600
पोहताना तिसरं थांबतं,
म्हणून तो सरपटणं पसंत करतो.
```

सबटायटल म्हणून यात काहीच चूक नाही, उलट ज्याने केलंय त्याने चांगलं केलंय. वाचायला भरपूर वेळ दिलाय, दोन ओळींच्या वर गेलेला नाही, दोन सबटायटलच्या मधे दोन फ्रेमची फट ठेवलीये म्हणजे डोळ्याला कळतं की ओळ बदलली. पण आता हाच तुकडा वेव्हवर बघा. निवेदक बोलायला लागतो ४१,४०० ला, सबटायटल मात्र ४१,२०० ला येतं, कारण तिथे शॉट बदलतो आणि सबटायटल करणारे ओळ शॉट कटला चिकटवतात, नाहीतर डोळ्याला झटका बसतो. निवेदकाचं पहिलं वाक्य संपतं ४३,१२० ला. म्हणजे बोलणं पावणेदोन सेकंदांचंसुद्धा नाही आणि सबटायटल साडेतीन सेकंद पडद्यावर आहे, कारण पुढच्या वाक्यापर्यंत जागा रिकामी होती, मग वाचू दे की निवांत. ती रिकामी जागा खरं तर संगीताची आहे. तिथे एक सूर उठतो आणि मग दुसरं वाक्य येतं.

दुसऱ्या सबटायटलमध्ये तर दोन वेगळी वाक्यं एकत्र बांधलीत. निवेदक दोन हृदयांबद्दल बोलून ४७,३२० ला थांबतो, सहा दशांश सेकंद गप्प राहतो, आणि ४७,९२० ला जेव्हा पडद्यावर शरीराच्या आतलं चित्र येतं तेव्हा तिसऱ्या हृदयाचं वाक्य सुरू करतो. तिसऱ्या सबटायटलचंही तेच, मधे आठ दशांश सेकंदांचा थांबा आहे जो सबटायटलमध्ये दिसतच नाही. सगळं मोजलं तर तीन सबटायटल मिळून सव्वातेरा सेकंद पडद्यावर आहेत आणि प्रत्यक्ष बोलणं सव्वानऊ सेकंदांचं आहे. जवळजवळ चार सेकंद शांतता सबटायटलने झाकून टाकली.

म्हणून आर्टिस्टला ही फाइल तशीच दिली की काय होतं ते बघा. तो १४९ नंबरची ओळ एका दमात वाचतो, साहजिक आहे, एकच ओळ दिसतेय ना त्याला, आणि "तिसरं" हा शब्द ४७ सेकंदाच्या आसपासच येऊन जातो, चित्र यायच्या जवळजवळ एक सेकंद आधी. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, त्याला नुसतं वाटत राहतं की हे बोलणं फिल्मवर वरून ओतलंय.

तेव्हा पहिली गोष्ट, सबटायटलच्या वेळा सोडून द्यायच्या आणि वेव्ह बघून नवीन वेळा लिहायच्या, प्रत्येक थांब्यावर तुकडा तोडून. किती लहान थांबा मोजायचा? मी पाव सेकंदाच्या खालचा थांबा सोडून देते, तो वाक्यातला श्वास असतो आणि मराठीत तो दुसऱ्या जागी येणारच. अर्धा सेकंद किंवा जास्त असला की हमखास तोडायचं. मधलं जे आहे ते चित्र बघून ठरवायचं, तिथे कट असेल तर तोडा, नसेल तर राहू दे.

तर तीन सबटायटलचे आता पाच तुकडे झाले. १.७२ सेकंद, २.६० सेकंद, १.६८, १.७६ आणि १.५२. आता प्रत्येकात मराठी किती मावते ते बघायचं, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथे सॉफ्टवेअरच्या आकड्यावर जातात. सबटायटलच्या प्रोग्रॅममध्ये सेकंदाला किती कॅरेक्टर ते दिसतं. इंग्लिशसाठी तो अंदाज चालून जातो. देवनागरीत बरेच प्रोग्रॅम मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजतात. "कल्ल्यांना" हे दहा कॅरेक्टर भरतं आणि "सरपटणं" हे सहा, आणि तोंडाने म्हणून बघा, दोन्हींना वेळ जवळजवळ सारखाच लागतो. कल्-ल्यां-ना, सर-पट-णं. तीन आणि तीन. मग कॅरेक्टर मोजून उपयोग काय?

मोजायचे ते उच्चारातले ठोके. मांडीवर बोट आपटत हळू म्हणायचं आणि मोजायचं. लिहिलेली अक्षरं मोजायची नाहीत, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा आणि मधला अ आपण बऱ्याचदा म्हणतच नाही, "तीन" हा एक ठोका आहे, "असतात" दोन, "शरीराला" चार. डॉक्युमेंटरीच्या शांत निवेदनाला मी सेकंदाला पाच ठोके धरते, साडेपाचपर्यंत ताणते, सहाला आर्टिस्ट घाईत वाटायला लागतो आणि साडेचारच्या बरंच खाली गेलं की रेंगाळतो. हा माझा कामाचा आकडा आहे, सगळ्यांना लागू पडणारा नाही. ज्याचा आवाज घेणार आहात त्याच्याकडून एक पान त्याच्या नेहमीच्या चालीत वाचून घ्या, मिनिटभर मोजा, आणि त्याचा आकडा त्या प्रोजेक्टसाठी पक्का धरा. स्टुडिओत आर्टिस्ट बदलला की हा आकडा बदलतो, म्हणून आवाज ठरायच्या आधी स्क्रिप्ट फायनल करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता सबटायटलचीच वाक्यं या पाच तुकड्यांत घालून मोजली तर पहिल्या तुकड्यात १० ठोके, दुसऱ्यात ११, मग ८, ७ आणि शेवटच्यात १०. एकूण ४६. सव्वानऊ सेकंदांना ४६ म्हणजे सेकंदाला पाच, अगदी बरोबर बसलं की! बसत नाही. तुकड्या-तुकड्यात बघा, पहिल्यात सेकंदाला ५.८ ठोके, दुसऱ्यात ४.२, चौथ्यात ४, आणि पाचव्यात ६.६. म्हणजे आर्टिस्ट धावणार, मग रेंगाळणार, मग परत धावणार. सरासरी बरोबर आली म्हणून काम झालं असं समजणं हा या कामातला सगळ्यात फसवा प्रकार आहे, कारण कागदावर सगळं हिरवं दिसतं आणि कानाला सगळं ओबडधोबड लागतं.

आता एकेक तुकडा. पहिल्यात "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात" दोन ठोक्यांनी जास्त होतंय. क्रियापद काढलं आणि आकडा शेवटी नेला, "ऑक्टोपसला हृदयं तीन", आठ ठोके. मराठीत असं क्रियापद न लावता बोलणं अगदी सहज आहे, आणि "तीन" वर वाक्य संपलं की पुढे जी संगीताची जागा आहे तिच्यात तो आकडा घुमतो. दुसऱ्या तुकड्यात उलटा प्रश्न आहे, मजकूर कमी पडतोय. कारण सबटायटल करणाऱ्याने वाचायला सोपं जावं म्हणून मूळ वाक्य छाटलं होतं, मूळ निवेदक म्हणतो की त्यातल्या दोघांना एकच काम, कल्ल्यांमधून रक्त ढकलणं. तर छाटलेलं परत आणलं, "त्यातली दोन फक्त कल्ल्यांमधून रक्त ढकलतात", चौदा ठोके, सेकंदाला ५.४. जरा भरलेलं आहे पण चालतं. ही गोष्ट नेहमी लक्षात ठेवा, सबटायटलवरून डबिंग करताना मूळ इंग्लिश बोलणं ऐकून लिहिलेलं स्क्रिप्ट मागून घ्यायचंच, कारण सबटायटलमध्ये किती गाळलंय ते सबटायटल बघून कळत नाही, आणि वेळ उरली म्हणून मनाने काहीतरी भरायचं नसतं, मुळातलंच परत आणायचं असतं.

तिसरा तुकडा "तिसरं बाकी शरीराला" आहे तसाच ठेवला, आठ ठोके, आणि आता तो चित्राबरोबर सुरू होतो. चौथ्यात "मात्र" घातलं, "पोहताना मात्र तिसरं थांबतं", नऊ ठोके. आणि पाचव्यात "म्हणून तो सरपटणं पसंत करतो" हे दीड सेकंदात कुणीही म्हणू शकत नाही, त्यातून "पसंत करतो" हे बोलीत जरा परकं वाटतं, म्हणून "म्हणून सरपटणंच बरं", सात ठोके. "म्हणून तो सरपटतो" असं केलं असतं तर सहाच ठोके झाले असते पण मग त्याची आवड गेली असती, जणू पोहणं त्याला जमतच नाही असा अर्थ निघाला असता, आणि विज्ञानाच्या फिल्ममध्ये असा अर्थ सरकू देणं मला मान्य नाही.

स्क्रिप्ट म्हणून हे असं जातं, शेवटचे दोन आकडे फ्रेमचे:

```
12:41:10-12:43:03  ऑक्टोपसला हृदयं तीन. //
12:44:18-12:47:08  त्यातली दोन फक्त कल्ल्यांमधून रक्त ढकलतात. /
12:47:23-12:49:15  तिसरं बाकी शरीराला. /
12:50:06-12:52:00  पोहताना मात्र तिसरं थांबतं. /
12:52:20-12:54:08  म्हणून सरपटणंच बरं.
```

एक तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन म्हणजे मोठा. बेरीज करून बघा, ठोके आत्ताही ४६च आहेत. एकूण मजकूर जेवढा होता तेवढाच राहिला, फक्त तो जिथे हवा तिथे गेला, आणि कुठल्याही तुकड्यात वेग ४.६ च्या खाली किंवा ५.४ च्या वर नाही.

आकड्यांचं वेगळं सांगायला हवं. सबटायटलमध्ये १९९८ हा आकडा डोळा क्षणात टिपतो, आणि म्हणायला "एकोणीसशे अठ्ठ्याण्णव" म्हणजे सात ठोके, जवळजवळ दीड सेकंद. दुसऱ्या प्राण्यांची नक्कल करणारा मिमिक ऑक्टोपस इंडोनेशियात सुलावेसीच्या किनाऱ्याजवळ १९९८ साली सापडला, हे वाक्य सबटायटलमध्ये दोन ओळींत आरामात मावतं आणि बोलताना निम्मा वेळ इंडोनेशिया, सुलावेसी आणि साल यांतच जातो. म्हणून स्क्रिप्टमध्ये आकडे नेहमी अक्षरात लिहायचे, म्हणजे ठोके मोजताना फसायला होत नाही आणि आर्टिस्टही अडखळत नाही. मोठ्या आकड्यांना मात्र मराठी आपल्या बाजूने आहे, "एक लाख पंचवीस हजार" ला सहा ठोके लागतात आणि "सव्वा लाख" ला तीनच. दीड, अडीच, साडेतीनशे, पावणेदोन कोटी, हे शब्द वेळ वाचवतात आणि कानाला आपले वाटतात, जिथे आकडा नेमका बसतो तिथे जरूर वापरा. १,२७,००० ला सव्वा लाख म्हणायचं असेल तर "सुमारे" लावा आणि क्लायंटला विचारा.

आतापर्यंतचं सगळं पडद्यामागच्या निवेदकाचं झालं. मुलाखतींचं गणित वेगळं आहे. डॉक्युमेंटरीत शास्त्रज्ञ, कोळी, गावातली म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर बोलतात आणि तिथे बहुतेकदा मूळ आवाज पूर्ण काढत नाहीत. आधी दीड-दोन सेकंद मूळ माणसाचा आवाज नीट ऐकू येतो, मग तो खाली जातो आणि मराठी आवाज येतो, आणि शेवटी मराठी आधी संपते आणि मूळ आवाजातला एखादा शब्द परत वर येतो. यामुळे प्रेक्षकाला कळतं की हा खरा माणूस आहे, आपण त्याचं म्हणणं ऐकतोय. पण याचा अर्थ, समोरचा १४ सेकंद बोलला तर तुमच्या हातात १४ सेकंद नाहीत. सुरुवातीचे दीड गेले, शेवटचे पाऊण गेले, उरले पावणेबारा, म्हणजे ५८-५९ ठोके. सगळं भाषांतर केलंत तर सहज सत्तरच्या पुढे जाईल, मग छाटावंच लागतं.

छाटायचं काय याची एक सोय त्यातच आहे. लोक बोलायला सुरुवात करतात ती बऱ्याचदा "खरं सांगू का", "म्हणजे बघा", "मला वाटतं" अशी, आणि हेच नेमके ते दीड सेकंद असतात जे मूळ आवाजात ऐकू येतात, तर ते मराठीत घ्यायचेच नाहीत. अडखळणं, परत परत तेच म्हणणं हेही जातं. पण काही जागा हलवता येत नाहीत आणि त्या आधी नक्की करून बाकीचं त्यांच्याभोवती बसवायचं. समजा एक शास्त्रज्ञ बाई सांगतायत की पहिल्यांदा पाण्यात उतरल्यावर त्यांना वाटलं ऑक्टोपस पळून जाईल, पण त्याने जवळ येऊन त्यांचा हात धरला, आणि हे सांगताना त्या नवव्या सेकंदाला स्वतःचं मनगट पकडून दाखवतात. तर मराठीत "हात धरला" नवव्या सेकंदालाच यायला हवं, सहाव्याला आलं तर त्या मनगट कशाला पकडतायत ते कळणार नाही. हसणं, गळा भरून येणं, बोटाने काही दाखवणं, या सगळ्या अशाच जागा.

आणि एक अशी जागा आहे जी लोक विसरतात, ती म्हणजे खाली गेलेल्या मूळ आवाजातही ओळखू येणारे शब्द. माणसांची नावं, देशांची नावं, "ऑक्टोपस" सारखे शब्द. प्रेक्षकाला इंग्लिश येत नसलं तरी "इंडोनेशिया" त्याला ऐकू येतं, आणि मराठीत ते नाव चार सेकंदांनी आलं तर त्याला वाटतं की भाषांतर मागे पडलंय. सेकंद-दीड सेकंदाच्या आत आणायचा प्रयत्न करा. मराठीत क्रियापद शेवटी जातं आणि नावं पुढे येतात त्यामुळे बऱ्याचदा ती उलट आधी येऊन बसतात, मूळ माणसाच्या तोंडून निघायच्या आधी, आणि ते उशिरापेक्षाही वाईट वाटतं. अशा वेळी वाक्याचे दोन करा. "इंडोनेशियातल्या एका छोट्या बेटावर मला तो पहिल्यांदा दिसला" याऐवजी "मला तो पहिल्यांदा दिसला एका छोट्या बेटावर, इंडोनेशियात", बोलताना आपण असंच बोलतो, कुणाला खटकत नाही.

अगदी छोटी वाक्यं, दोन-तीन सेकंदांची, यात हे पुढचं-मागचं अंतर ठेवायला जागाच नसते. सलग तीन माणसं एकेक वाक्य बोलतायत असं असेल तर प्रत्येकाला अर्धा सेकंद दिला तरी पुरे. पण एक नियम कधी मोडायचा नाही, एकाचं मराठी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर सांडता कामा नये. तिथे अर्थ थोडा कमी झाला तर चालेल.

चेहरा मोठा दिसत असेल आणि मूळ आवाज पूर्ण काढून टाकणार असाल तर मग ओठांचंही बघावं लागतं, निदान प, फ, ब, भ, म या ओठ मिटणाऱ्या अक्षरांचं, आणि तोंड बंद असताना आवाज नको एवढं तरी. डॉक्युमेंटरीत हे कमी वेळा लागतं आणि तो एक वेगळाच मोठा विषय आहे.

स्टुडिओत जायच्या आधी घरी एक तपासणी जरूर करा. मूळ आवाज कानात अगदी बारीक ठेवून, चित्र चालू ठेवून, स्वतः मोठ्याने वाचायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. मनातल्या मनात वाचलं तर नेहमी वेळेत संपतं, त्याच्यावर जाऊ नका. मग ते रेकॉर्डिंग घरातल्या कुणाला तरी चित्राबरोबर ऐकवायचं, ज्याने स्क्रिप्ट पाहिलेलं नाही अशा माणसाला, आणि तो कुठे कपाळाला आठी घालतो ते बघायचं. तिथेच बहुतेक वेळा एकतर थांबा चुकलेला असतो नाहीतर दोन तुकड्यांच्या वेगात मोठा फरक असतो. कर्वे रोडला राहत असाल तर हे रात्री करा, दिवसा हॉर्नमध्ये छोटे थांबे ऐकूच येत नाहीत.

आणि श्वास. सबटायटलला श्वास लागत नाही, आर्टिस्टला लागतो. वीस सेकंद सलग भरलेलं स्क्रिप्ट ठोक्यांच्या हिशोबात बरोबर असलं तरी म्हणता येत नाही. आर्टिस्ट बूथमधून विचारतो, "ताई, इथे श्वास कुठे घेऊ?", आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल तर तो आपल्या मनाने कुठेतरी घेतो, बऱ्याचदा कर्ता आणि क्रियापदाच्या मधे, आणि मग तो टेक परत. म्हणून साधारण दर पाच-सहा सेकंदांनी अर्धा सेकंद मोकळा सोडायचा आणि तो ठोक्यांच्या हिशोबातून आधीच वजा करायचा. बूथमध्ये बसून वाक्यं कापायची वेळ आली की स्टुडिओचं मीटर चालू असतं, साउंडवाले दादा घड्याळ बघत असतात, आणि अशा घाईत जो शब्द जातो तो बहुतेक वेळा "शक्यतो", "सुमारे", "काही" असा छोटासा शब्द असतो, ज्याच्याशिवाय शास्त्रज्ञाचं वाक्य चुकीचं होतं. असे शब्द मी स्क्रिप्टमध्ये आधीच अधोरेखित करून ठेवते, काढायचं झालं तर दुसरं काहीतरी काढा, हे नको.